हायड्रोजनची हिरवी रेष

मी मुंबईच्या एका खुर्चीला घाबरत होते. ती मी पाहिलेली नव्हती. आमचे बाबा मुंबईत एका कुरिअर कंपनीच्या गोदामात कामाला, आणि त्यांनी त्यांच्या साहेबांना सांगून ऑफिसात माझ्यासाठी एक खुर्ची बोलून ठेवली होती. पार्सल आलं, पार्सल गेलं, कॉम्प्युटरवर टाका. वर पंखा आहे, बाजूला खिडकी आहे, असं बाबा फोनवर फार कौतुकाने सांगायचे. मला एमएस्सी करायची होती, फिजिक्समध्ये, रत्नागिरीलाच, आमच्याच कॉलेजात. मधे आडवा पडला होता तो पाचव्या सेमिस्टरचा अणुभौतिकीचा पेपर. त्यात मी नापास होऊन मला केटी लागली होती. एप्रिलच्या शेवटी तो परत द्यायचा, सुटला तर एमएस्सी, नाही सुटला तर खुर्ची, इतका साधा हिशेब होता.

केटी लागलेल्या आम्ही तिघी. कॉलेजात आमची नावं कुणी घेत नसे, गावावरूनच हाका मारायचे. मी देवरूखवाली. खरं म्हणजे माझं गाव देवरूखच्याही वर, डोंगरात, पण तेवढं लांबचं नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. दुसरी मालगुंडवाली, बडबडी, समुद्राकाठच्या माणसासारखी मोठ्याने बोलणारी, कारण लाटांच्या वर आवाज काढायची सवय. तिसरी पोफळीवाली. तिचे वडील पोफळीच्या वीजकेंद्रात, डोंगराच्या पोटात असतं ना ते, तिथे कामाला आणि ती वाढली कॉलनीत. कॉलनीत सगळ्या महाराष्ट्रातली माणसं, त्यामुळे तिचं बोलणं एकदम घाटावरचं, स्वच्छ, ठाशीव. शिवाय व्होल्ट हा शब्द ती घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तशी घ्यायची. ती एकदा बोलली की आम्हा दोघींना वाटायचं, बरोबरच असणार. तीही आमच्यासारखीच नापास झालेली आहे, हे आमच्या डोक्यातून जायचं.

आम्ही आठवडा बाजाराच्या मागे एका खोलीत राहायचो. पुढे पडवी, पडवीला जांभ्याचा कठडा, त्यावर बसून अभ्यास. परीक्षेआधीच्या सुट्टीत तिथे कैरीच्या फोडी, तिखटमीठ आणि जुन्या प्रश्नपत्रिका असा संसार मांडलेला असायचा. जुन्या प्रश्नपत्रिका चाळता चाळता मालगुंडवालीने शोध लावला की हायड्रोजनचा एक लांबलचक प्रश्न दरवर्षी येतोच. पायऱ्यापायऱ्यांचा प्रश्न. पहिल्या पायरीत अणूच्या पहिल्या चार पातळ्यांची ऊर्जा काढा. दुसरीत त्या पातळ्यांची आकृती काढून इलेक्ट्रॉन वरून खाली जिथे जिथे उडी मारू शकतो ते सगळे बाण दाखवा. तिसरीत प्रत्येक उडीतून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी काढा. चौथीत, यातलं डोळ्यांना काय दिसेल ते रंगासकट सांगा. चारही पायऱ्या धड आल्या तर अर्धं पास झाल्यातच जमा होतं.

मग आम्ही त्या प्रश्नाची वाटणी केली. आमच्याकडे कुठलंही मोठं काम आलं की वाटणी होते. लावणीला एक जण रोपं काढतो, एक जण वाहतो, बाकीचे लावतात, तशी. पोफळीवालीकडे पहिली पायरी, म्हणजे ऊर्जा. माझ्याकडे तिसरी, तरंगलांबी. मालगुंडवालीकडे आकृती आणि रंग, कारण स्केचपेनं तिच्याकडे होती. प्रत्येकीने आपापला भाग पक्का करायचा आणि मग दुसऱ्या दोघींना शिकवायचा. यातला पहिला भाग आम्ही अगदी मनापासून पार पाडला. दुसऱ्या भागाची वेळ येईपर्यंत कैऱ्या संपल्या होत्या.

माझ्या पायरीचा मला मोठा अभिमान होता. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर पडला की दोन पातळ्यांतला फरक प्रकाश होऊन बाहेर येतो. तो फरक इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये घ्यायचा आणि बाराशे चाळीसला त्याने भागायचं, की तरंगलांबी येते, नॅनोमीटरमध्ये. बस्स. उडी मोठी तर तरंग आखूड, उडी लहान तर तरंग लांब. चारशेच्या खाली गेलं की अतिनील, सातशेच्या वर गेलं की अवरक्त, मधलं काय ते आपल्याला दिसतं. मी इतकी पटाईत झाले होते की भाजीवाल्याने तेवीस रुपये सांगितले तरी मनात बाराशे चाळीस भागिले तेवीस सुरू व्हायचं. फक्त मला फरक दुसऱ्या कुणीतरी काढून द्यावा लागायचा.

तो पोफळीवाली द्यायची. तिचं म्हणणं असं, की हायड्रोजनच्या तळाच्या पातळीची ऊर्जा उणे तेरा पूर्णांक सहा. दुसरी पातळी म्हणजे त्याला दोनाने भागा, तिसरी म्हणजे तीनाने, चौथी म्हणजे चाराने. मालगुंडवालीला अंधुक शंका आली. तिने विचारलं की भागताना वर्ग बिर्ग काही नसतो का, कुठेतरी वर्ग असतो असं आठवतंय.

"वर्ग असतो, पण त्रिज्येला," पोफळीवाली म्हणाली. "त्रिज्या वर्गाने वाढते, वेग नुसत्या आकड्याने कमी होतो. ऊर्जा वेगासारखी. वर्ग एकदाच येतो."

हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की आम्हाला त्यात भौतिकशास्त्राचा एखादा नियमच ऐकू आला. तर पहिला हिशेब करायला बसलो. दुसरी पातळी उणे सहा पूर्णांक आठ, तिसरी उणे चार पूर्णांक त्रेपन्न. फरक दोन पूर्णांक सत्तावीस. मी माझं ब्रह्मास्त्र काढलं, बाराशे चाळीस भागिले दोन पूर्णांक सत्तावीस. कॅल्क्युलेटरवर आलं पाचशे सेहेचाळीस.

हा आकडा दुसऱ्या कुणाला काही सांगणार नाही. पण फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. प्रयोगशाळेत आम्ही वर्षभर पाऱ्याच्या दिव्यासमोर बसलो होतो. त्या दिव्याचा प्रकाश स्पेक्ट्रोमीटरमधून पाहिला की ज्या रेषा दिसतात त्यातली सगळ्यात ठळक, सगळ्यात देखणी म्हणजे हिरवी, आणि तिची तरंगलांबी पाचशे सेहेचाळीस. आम्हाला तो आकडा आईच्या मोबाइल नंबरपेक्षा पाठ. त्यामुळे कॅल्क्युलेटरवर तो उगवल्यावर मालगुंडवालीने जी किंकाळी फोडली ती ऐकून घरमालकीणकाकू साप निघाला की काय म्हणून काठी घेऊन आल्या. आम्ही त्यांना सांगितलं की साप नाही, हिरवी आली. काकू म्हणाल्या, "हिरवी काय गो, फुरसं हिरवं नसता," आणि काठी आपटत पडवीभर शोधून गेल्या.

आकडा ओळखीचा निघाला की माणूस पुढे विचारत नाही. पाऱ्याची रेष हायड्रोजनमध्ये काय करते आहे, हा प्रश्न तिघींपैकी एकीलाही पडला नाही. उलट आम्हाला वाटलं की बघा, निसर्ग कसा एक आहे. मालगुंडवालीने आकृतीत तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येणारा बाण हिरव्या स्केचपेनाने इतका रगडून काढला की तो पाठच्या पानावर उमटला. बाकीच्या रेषा अदृश्य निघाल्या, तेव्हा चौथ्या पायरीचं उत्तर आम्ही ठरवून टाकलं की दिसणारी रेष एक, रंग हिरवा. पुढचे दिवस आम्ही एकमेकींना सकाळी हिरवी म्हणून हाक मारत होतो.

पेपरच्या दिवशी ऊन असं होतं की कॉलेजच्या आवारातला जांभा पायाला भाजत होता. आम्ही तिघी एकाच वर्गात, पण लांब लांब. मालगुंडवाली पहिल्या बाकावर, पोफळीवाली माझ्या पलीकडच्या रांगेत खिडकीशी. पेपर हातात आला. बाकीचे प्रश्न मला जमतील तितके जमले, म्हणजे फारसे नाही, आणि मग हायड्रोजन दिसला. तोच. तेरा पूर्णांक सहा दिलेलं, चार पातळ्या मागितलेल्या, आकृती, तरंगलांबी. मला इतका आनंद झाला की मी पोफळीवालीकडे बघून मान हलवली. तिनेही राणीसारखी मान हलवली.

तीन पायऱ्या मी धडाधड लिहिल्या. चौथीशी आले आणि वाचलं. प्रश्न विचारत होता की वरीलपैकी दृश्य प्रकाशात पडणाऱ्या दोन रेषा कोणत्या, त्यांचे रंग सांगा.

दोन.

माझ्याकडे एकच होती. मी सगळे सहा बाण पुन्हा तपासले. तळाशी येणारे तीन अतिनील. चौथीवरून तिसरीवर येणारा हजाराच्या वर, अवरक्त. चौथीवरून दुसरीवर येणारा तीनशे पासष्ट, म्हणजे पुन्हा अतिनील. राहता राहिली आमची हिरवी. मी प्रश्न परत वाचला, अक्षर अक्षर करून, आणि तो दोनच म्हणत होता. त्या दोनच्या मधोमध मला ती खुर्ची बसलेली दिसली, वर पंखा, बाजूला खिडकी.

मी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले. मला पाठांतर काही आठवेना, पण एक दृश्य आठवलं. सहाव्या सेमिस्टरला आमच्या मॅडमनी एकदा हायड्रोजनची नळी लावून दाखवली होती. ती नळी नाजूक, जुनी. थोडा वेळ पेटवायची आणि लगेच विसावा द्यायचा, म्हणून आकडे घ्यायला मिळाले नव्हते, नुसतं एकेकीने स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बघायचं आणि सरकायचं. मी सरकले नव्हते. मागून मालगुंडवाली मला चिमटे काढत होती तरी मी चिकटून बसले होते, कारण काळोखात एक लाल रेष उभी होती, अशी लाल की मला वाटलं तिला हात लावला तर बोट रंगेल. तिच्यापासून लांब एक निळसर हिरवट, आकाशीकडे झुकणारी. मग एक जांभळी, अगदी फिकी. पाऱ्याची ती पोपटी हिरवी तिथे कुठेच नव्हती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग माझ्या आकड्यांतून लाल का येत नाही? हायड्रोजन खोटं बोलणार नाही. खोटं बोललं असेल तर पोफळी.

मला एकदम हुशारी वाटायला लागली. लाल म्हणजे साडेसहाशेच्या आसपास, प्रयोगशाळेतल्या लेसरवरून तेवढं माहीत होतं. माझी पायरी उलटी चालवली, बाराशे चाळीस भागिले साडेसहाशे. एक पूर्णांक नऊ. म्हणजे तिसऱ्या आणि दुसऱ्या पातळीत एक पूर्णांक नऊचं अंतर हवं आणि आमच्याकडे होतं दोन पूर्णांक सत्तावीस. तेरा पूर्णांक सहाला आणखी कशाने भागायचं?

आणि मग विहीर आठवली. मॅडमनी पातळ्या शिकवताना फळ्यावर विहीर काढली होती. काठ म्हणजे शून्य, तिथे पोचला की इलेक्ट्रॉन मोकळा. काठाच्या खाली सगळं उणे. तळ तेरा पूर्णांक सहा खाली. मग त्यांनी तळानंतरची दुसरी पायरी काढली ती विहिरीच्या निम्म्यात नाही, पार वर, काठापासून चौथ्या हिश्श्यावर. त्याच्या वर तिसरी, चौथी, पाचवी अशा काठाशी दाटी करून. तेव्हा मला त्या विहिरीचा राग आला होता. आमच्या गावच्या विहिरीला जांभा फोडून काढलेल्या पायऱ्या आहेत, सगळ्या सारख्या, कळशी डोक्यावर असली तरी पाय बरोबर पडतो. अशी विहीर कुणी खणली, पहिली पायरीच माणसाच्या तीनपट उंच, हे मी वहीच्या कडेला लिहूनही ठेवलं होतं. आता त्या रागाने मला हात दिला. काठापासून चौथा हिस्सा. म्हणजे दुसऱ्या पातळीला तेराला दोनाने नाही, चाराने भागायचं. दोनचा वर्ग.

तेरा पूर्णांक सहा भागिले चार, तीन पूर्णांक चार. भागिले नऊ, एक पूर्णांक एक्कावन्न. फरक एक पूर्णांक एकोणनव्वद. बाराशे चाळीस भागिले एक पूर्णांक एकोणनव्वद, सहाशे छप्पन्न.

लाल आली. तीच, बोट रंगवणारी.

भागिले सोळा, शून्य पूर्णांक पंच्याऐंशी. चौथीवरून दुसरीवर फरक दोन पूर्णांक पंचावन्न, तरंगलांबी चारशे शहाऐंशी. निळसर हिरवट. दोन रेषा. प्रश्नाने मागितल्या होत्या तेवढ्याच, मी पाहिल्या होत्या त्याच रंगांच्या. जांभळी पाचव्या पातळीवरून येत असणार, म्हणून तिला इथे बोलावलं नव्हतं, तेही एका भागाकारात कळलं. आणि तेवढ्यात डोक्यात दुसरा दिवा लागला. दृश्य रेषांचं एक सूत्र आम्हाला वेगळ्या प्रश्नासाठी पाठ होतं, एक भागिले चार वजा एक भागिले वर्ग असं काहीतरी. ते आम्ही दुसऱ्याच धड्यातलं म्हणून दुसऱ्याच कप्प्यात ठेवलं होतं. ते हेच होतं. अख्खं वर्ष एकाच माणसाला दोन नावांनी ओळखत होतो.

मी हसले. मोठ्याने. परीक्षेच्या हॉलमध्ये, तोंडावर हात ठेवायच्या आधीच ते बाहेर पडलं. सुपरव्हिजनला मराठीचे सर होते, ते धावत आले आणि त्यांनी हळूच विचारलं की बाई, पाणी हवंय का, ऊन लागलंय का. मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा हसले. ते दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत माझ्याकडे काळजीने बघत होते. मी आधीच्या तीन पायऱ्यांवर तिरपी रेघ मारली आणि सगळं नव्याने लिहिलं, इतक्या वेगात की पेनाची शाई हाताला लागली. एवढं खरं सुख मला तोवर कुठल्याच पेपरात झालं नव्हतं. पास होणार म्हणून नाही, ते नंतर आठवलं. एका गॅसच्या नळीत पाहिलेली लाल रेष मी रिकाम्या कागदावर स्वतः काढून दाखवली होती, आणि ती जुळली होती.

मधे एकदा पोफळीवालीकडे पाहिलं. ती ठामपणे लिहीत होती. तिला सांगण्याची सोय नव्हती. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि तरीही हसू थांबेना, ही गोष्ट मला आजही थोडी चमत्कारिक वाटते.

घंटा झाली. बाहेर आंब्याखाली आधी मालगुंडवाली आली. तिला दोन रेषांचं कोडं पडलं होतं का विचारलं तर म्हणाली, त्यात कसलं कोडं, रंग माझ्या खात्यातले, मी लाल आणि निळसर हिरवा असं लिहून मोकळी झाले, नळीत पाहिले होते तसे. मी विचारलं की आकडे काय लिहिलेस. तिने सांगितलं, पाचशे सेहेचाळीस लाल आणि तीनशे पासष्ट निळसर. आकडे पोफळीचे, ते तिने बघावे. आपण मेहनत केलेल्या भागाशीच इमान राखणारी अशी विद्यार्थिनी पुन्हा मला भेटली नाही.

मग पोफळीवाली आली, चेहरा रागाने लाल.

"पेपरात चूक आहे," ती म्हणाली. "एकच रेष दिसते आणि म्हणे दोन सांगा. मी लिहून आलेय तसं. प्रश्न चुकीचा आहे, कृपया तपासावा."

आता हिला कसं सांगायचं. मी तोंड उघडलं आणि सांगण्याऐवजी मला पुन्हा हसू फुटलं, मालगुंडवाली काही न कळता माझ्याबरोबर हसायला लागली आणि पोफळीवाली आमच्यामधे दगडासारखी उभी. शेवटी मी तिचा हात धरला आणि तिला सरळ प्रयोगशाळेत नेलं. मॅडम तिथे दिव्यांवर फडकी घालत होत्या, सुट्टीची आवराआवर. मी त्यांना म्हटलं की हायड्रोजनची नळी एकदाच लावा, हिला दाखवायचं आहे. मॅडमनी आमच्या तिघींच्या तोंडांकडे पाहिलं, पडदे ओढले आणि नळी पेटवली. गुलाबी उजेड पडला. पोफळीवालीने दुर्बिणीला डोळा लावला.

ती खूप वेळ बघत राहिली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत.

"माझी हिरवी कुठाय?" ती म्हणाली.

मॅडमना आधी कळेना. मी त्यांना पडवीतली सगळी हकीकत सांगितली, वर्ग एकदाच येतो या नियमासकट. ऐकता ऐकता मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांना डोळे पुसावे लागले इतक्या त्या हसल्या, आणि मी त्यांना त्यापूर्वी हसताना पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी पोफळीवालीला समजावलं की वेग आकड्याने कमी होतो हे तुझं अगदी बरोबर, पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने ठरते ना, वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथा हिस्सा. वर्ग तिथेच येऊन बसला होता, तू दारातून परत फिरलीस. पाऱ्याच्या आकड्याशी जुळलं हा नुसता योगायोग, आणि या योगायोगाला मीसुद्धा फसले असते, असंही त्या म्हणाल्या. ते त्यांनी तिच्यासाठी म्हटलं असावं. वर सांगितलं की पहिल्या पायरीचे मार्क गेले, पण पुढच्या पायऱ्यांना रीत बरोबर असेल तर चुकीच्या आकड्यावरही मार्क देतात, तेव्हा रडू नकोस.

ती रडत नव्हतीच. ती अजून दुर्बिणीतून बघत होती. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले, आणि मग आम्हाला कळलं की ती हसते आहे.

"प्रश्न चुकीचा आहे, कृपया तपासावा," ती स्वतःशी म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

नळी गरम व्हायला लागली म्हणून मॅडमनी बटण बंद केलं आणि आम्हाला हाकलून दिलं. आम्ही तिघी तशाच चालत मांडवीला गेलो. जेटीवर वारा होता. काही बोलायला गेलं की एक जण कृपया तपासावा म्हणायची आणि सगळ्या पुन्हा कोसळायच्या. मासे सुकत घालणारी एक बाई आमच्याकडे बघून दुसरीला म्हणाली की पोरी कायतरी खाऊन इल्यात. त्यातच बाबांचा फोन आला. पेपर कसा गेला ते विचारायला ते गोदामातून मुद्दाम बाहेर येऊन फोन करायचे. मी त्यांना सांगायला लागले की बाबा, आधी हिरवी येत होती, पण ती पाऱ्याची, आपली लाल, सहाशे छप्पन्न, आणि विहिरीची पहिली पायरी मुळात फार उंच असते, आणि पुढचं मला हसण्यामुळे बोलता येईना. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. मग बरं बरं, जपून घरी जा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं त्यांना काही कळलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी सुटले, चांगली सुटले. मालगुंडवालीही सुटली, बहुधा आकृतीवर. पोफळीवाली अगदी काठावर सुटली, आणि तिचं आजही म्हणणं आहे की तिला तो मार्क पेपर तपासणाऱ्याने हसून दिला. मॅडमनी माझं नाव एमएस्सीसाठी पुढे केलं. मी पडवीत बसून बाबांना फोन लावला. आनंद होताच, पण थोडं जडही वाटत होतं, कारण त्या खुर्चीसाठी त्यांनी साहेबांपुढे शब्द टाकला होता. मी म्हटलं की बाबा, पास झाले, इथेच शिकणार आहे, तेवढं साहेबांना सांगा, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

बाबा म्हणाले, "दिली की कवाच. तुजा पेपर हुता ना, त्याच सांजंला सायबाला सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा."

मी म्हटलं, पण तेव्हा निकाल कुठे लागला होता.

"बाय, तू फोनवर हसत हुतीस," बाबा म्हणाले. "नापास व्हनारा माणूस आसा हसत नाय."